बारा बत्तीसचा मुहूर्त

"गुरुजी, कन्यादानातलं ते वाक्य परत एकदा सांगता का? मी नक्की काय कबूल करणार आहे?"

निरंजन आगाशे आरशाकडे पाठ करून खुर्चीत बसला होता. मुंडावळ्या मांडीवर पडल्या होत्या. चिपळूणच्या त्या कार्यालयातल्या वरपक्षाच्या खोलीत पंखा गरगरत होता, पण मे महिन्याच्या उकाड्यात तो नुसता आवाजच करत होता. अकराला दहा कमी होते. मुहूर्त बारा बत्तीसचा.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. आठ वर्षं वेदपाठशाळेत काढून घरी परत आलो होतो आणि तीन वर्षं पौरोहित्य करत होतो. या लग्नात दोन्ही बाजूंचा पुरोहित मीच होतो, कारण आगाशे मंडळींचे पुण्याचे गुरुजी ऐन वेळी आजारी पडले होते.

"मुलीचे वडील तुम्हाला सांगतील, की धर्मात, अर्थात आणि कामात हिला डावलू नका," मी म्हणालो. "तुम्ही म्हणायचं, नातिचरामि. म्हणजे डावलणार नाही. हिला मागे टाकून पुढे जाणार नाही. असं तीनदा."

"तीनच गोष्टी ना?"

"तीनच."

"मोक्ष नाही त्यात?"

"नाही. मोक्षाचं वचन कोण कोणाला देणार?"

त्याने मान हलवली. मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, अर्थ समजून घेऊन बोहल्यावर चढतो आहे. चांगलं आहे. सकाळी पुण्याहवाचनालाही तो प्रत्येक मंत्राचा अर्थ विचारत होता. मी बाहेर जायला वळलो तेव्हा तो उठला, दार लोटून घेतलं आणि कडी लावली.

"मग माझं बरोबर आहे," तो म्हणाला. "मी खोटं बोलणार नाही."

"कशाबद्दल?"

"मी वर्षभराने जाणार आहे. फार तर दीड वर्ष. उत्तरकाशीला एका आश्रमात गेली तीन वर्षं जातोय मी. तिथल्या स्वामीजींशी बोलणं झालंय. संन्यास घेणार आहे."

मी खाली बसलो. बाहेर सनई सुरू होती आणि कोणीतरी ध्वनिक्षेपकावरून नाश्त्याला बोलवत होतं.

"चारुताताईंना माहीत आहे?"

"नाही."

"घरी?"

"आईला सांगितलं होतं गेल्या वर्षी. तिने अन्न सोडलं. चार दिवस पाणीसुद्धा घेत नव्हती, शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा मी लग्नाला हो म्हटलं. आईला दिलेला शब्द हा धर्मच ना गुरुजी?"

तो हे सगळं अगदी शांतपणे सांगत होता. त्याने नीट विचार केला होता. लग्न करणं हा आईविषयीचा धर्म. पुण्यातली जागा आणि सगळी ठेव चारुताच्या नावावर करणार, तो अर्थ. वर्षभराचा संसार, तो काम. आणि मग मोक्षाला मोकळीक. शब्द पहिल्या तिघांचाच आहे, तेव्हा चौथ्यासाठी गेलं तर शब्द मोडत नाही.

"चारही बसवलेत मी," तो म्हणाला. "कोणाचाच अनादर होत नाही. तुमचं शास्त्र काय म्हणतं, एवढंच सांगा. म्हणजे मी मोकळ्या मनाने म्हणेन."

मी तळहात उपरण्याला पुसले.

मला तेव्हा नुसता शास्त्राचा प्रश्न पडला असता तर मी पटकन उत्तर दिलं असतं. पण तो बोलत असताना मला वेगळंच काहीतरी ऐकू येत होतं. ते सांगायला हवं.

माझे गुरू, वझे गुरुजी, त्या वर्षी पाठशाळा धाकट्या भावाच्या हाती देऊन नर्मदाकाठी ओंकारेश्वराला जाणार होते. तिथे चातुर्मासाआधी ते संन्यास घेणार होते आणि बरोबर येण्यासाठी त्यांनी एकट्या मला विचारलं होतं. ब्रह्मचारी म्हणून राहायचं, वेदान्त शिकायचा, परत यायचं नाही. मी हो म्हटलं होतं. पुढच्या सोमवारचं तिकीट माझ्या पिशवीत होतं. आणि आईला मी सांगितलं होतं, की दोन महिन्यांसाठी जातोय.

मीही सगळं बसवलं होतं. माझी विधवा आत्या आईजवळ येऊन राहणार होती. आईला साखरेचा त्रास होता, पण आत्या होती. पत्नी नाही, तेव्हा तो प्रश्नच नाही. फक्त औषधाच्या दुकानात बसणाऱ्या मुग्धा करंदीकरने मार्चमध्ये मला सरळ विचारलं होतं, "आमच्या घरी येऊन बोलशील का?" भटजी मुलगा नको म्हणणाऱ्या मुली आमच्याकडे ढिगाने होत्या. ही स्वतः होऊन विचारत होती. तिला मी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर देण्यापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी मी निघालो आहे, अशी मी माझी समजूत घातली होती.

"बोला ना गुरुजी," निरंजन म्हणाला.

"तुम्ही शास्त्र विचारलंत म्हणून सांगतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "ज्या दिवशी खरं वैराग्य येईल त्याच दिवशी निघावं, असंही सांगितलंय. त्यासाठी लग्न करून, म्हातारं होऊन थांबायची सक्ती नाही. ब्रह्मचर्यातूनच जाता येतं. तुम्ही आत्ता, या क्षणी उठून जाऊ शकता. कोणी अडवू शकत नाही."

"पण आई—"

"ऐका. पण एकदा लग्न लागलं की तो रस्ता बंद होतो. मग बायकोची संमती लागते. तिच्या पोटापाण्याची सोय लागते. ऋणं फेडलेली लागतात, पितरांचं ऋणही. ते मूल होऊनच फिटतं. म्हणजे वर्षभराने तुम्ही एक मूलही मागे ठेवून जाणार का?"

त्याने खाली पाहिलं. त्याने हा हिशेब केलेला नव्हता हे मला दिसलं.

"संमती मी मागेनच," तो म्हणाला. "वर्षभराने."

"वर्षभराने ती नाही म्हणाली तर?"

त्याने दाराच्या कडीकडे पाहिलं.

"आणि तीनच शब्द आहेत म्हणता. धर्मात डावलणार नाही म्हणजे काय? पुढचं प्रत्येक धर्मकृत्य दोघांनी मिळून करायचं. तुम्ही गेल्यावर ती कोणाच्या शेजारी बसणार? अर्थ म्हणजे नुसती जागा नाही. मिळवणं, सांभाळणं, वाढवणं, त्यात दोघांचं मत. आणि काम म्हणजे एक वर्ष नव्हे. चवीचं जेवण, गाणं, बरोबर म्हातारं होणं, हे सगळं काम. तुम्ही तिघांमध्येही तिला मागे टाकताय. पहिल्या दिवसापासून."

"मग मोक्षाची इच्छा ही चूक आहे?"

"नाही. पण संन्यास घेताना पहिला शब्द कोणता द्यावा लागतो, माहीत आहे ना? सगळ्या प्राणिमात्रांना अभय. माझ्यापासून कोणालाही भय नसो. तो म्हणताना तुमच्यासमोर कोण उभं राहील?"

हे मी बोललो खरं, पण बोलताना माझ्याच डोळ्यांसमोर आई उभी राहिली. ओट्याला टेकून ती पायाच्या पोटऱ्या दाबत होती. मी उठलो.

"तुम्ही तिला सांगा," मी म्हणालो. "मुहूर्ताच्या आत. ती हो म्हणाली तर मी आनंदाने लग्न लावतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी मंगलाष्टकं म्हणणार नाही."

"तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? मी तुम्हाला विश्वासाने—"

"मी सांगणार नाही," मी म्हणालो. "पण मी लावणारही नाही."

मी बाहेर आलो. कार्यालयात तीनशे माणसं होती. चारुताचे वडील वसंतराव लिमये, ज्यांचा आमरसाचा कारखाना होता, सदऱ्याच्या बाह्या सरसावून दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. मला पाहून म्हणाले, "गुरुजी, वेळेत होईल ना सगळं? घटिका नीट बघा हं." त्यांच्या भावकीतली आणि मित्रांकडची मिळून त्या हंगामातली अर्धीअधिक लग्नं त्यांच्याच शब्दावर माझ्याकडे आली होती. मी नुसती मान डोलावली. साडेअकरा झाले होते.

आतल्या खोलीत चारुता गौरीहराला बसली होती. मातीच्या बोळक्यांच्या चार उतरंडींमध्ये अन्नपूर्णेची छोटी मूर्ती, आणि मामाकडची पिवळी साडी नेसलेली ती, समोर पाटावर. एकेक चिमूट तांदूळ आणि तीळ गौरीवर वाहायचे आणि सौभाग्य मागायचं, असा तो विधी. तिच्या दोन मावश्या दाराशी होत्या. पूजेचं ताट बघायचं होतंच, म्हणून मी आत गेलो.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "मला एक विचारायचं होतं. तुम्ही कन्यादानात त्यांच्याकडून काय म्हणवून घेता, त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नाही. ते माझ्याबद्दल आहे ना?"

एका तासात दुसऱ्यांदा तोच प्रश्न. मी तिला अर्थ सांगितला. ती ऐकत होती आणि तांदूळ वाहायचं थांबली होती.

"मग मी काय म्हणायचं?"

"तुमच्या तोंडी त्या ठिकाणी काही नाही."

"हं." तिने मावश्यांकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "सहा महिन्यांत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. काय आवडतं, कुठे राहायचं, काहीच नाही. सगळ्याला बरं म्हणतात. मी रत्नागिरीची नोकरी सोडली, कर्णबधिर मुलांची शाळा होती, सात वर्षं होते मी तिथे. त्यावरही फक्त बरं म्हणाले. सगळे म्हणतात, स्वभाव शांत आहे." ती थांबली. "आत्ता तुम्ही त्यांच्याच खोलीतून आलात. तुम्हाला ते काही बोलले का?"

मी नाही म्हणू शकत होतो. एका शब्दाचं काम होतं. किंवा सगळं सांगू शकत होतो. निरंजनने विश्वासाने सांगितलेलं होतं, आणि मी शब्द दिला होता. खोटं बोललो तर एक मोडतं, खरं बोललो तर दुसरं. मंत्र पाठ करताना माझ्यावर असली वेळ कधी आली नव्हती.

"त्यांचं ते सांगतील," मी म्हणालो. "मी त्यांना घेऊन येतो."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण ती म्हणाली, "या घेऊन."

निरंजन खोलीत तसाच बसला होता. मी म्हणालो, "चला. तिने विचारलंय." मला वाटलं होतं, तो नकार देईल. पण तो उठला. त्याच्यावर दया आली मला तेव्हा. तो दुष्ट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना सांभाळून घ्यायचं ठरवलं होतं, फक्त कोणालाही न विचारता.

मुहूर्ताआधी वधूवरांनी एकमेकांना पाहायचं नसतं. मावश्यांनी दारातच अडवलं. मी बोहल्यावरचा अंतरपाट मागवून घेतला, त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं मी हातात धरून उभा राहिलो. "एक संकल्प राहिलाय," मी मावश्यांना म्हणालो, "पाच मिनिटं बाहेर थांबा." हे खोटं होतं. त्या दिवशीचं माझं एवढं एक खोटं. एका बाजूला ती, एका बाजूला तो, मधे कुंकवाने स्वस्तिक काढलेलं पांढरं कापड.

त्याने सांगितलं. तीन-चार वाक्यांत सांगितलं. मला कापडाच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. चारुताने तांदळाची मूठ घट्ट मिटली होती.

बाहेर कोणीतरी "मुलीच्या मामांना बोलवा" म्हणत होतं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"वर्ष. दीड वर्ष."

"मग मी कुठे राहायचं?"

"जागा तुझ्या नावावर करतो. सगळंच तुझ्या नावावर. तुला कधी काही कमी पडणार नाही."

"अर्थ झाला," ती म्हणाली. "आत्ताच गुरुजींनी सांगितलं, तीन असतात. बाकीचे दोन?"

त्याने अंतरपाटाची कड बोटांत धरली.

"तुम्हाला मी आवडत नाही का?" तिने विचारलं. आवाज पहिल्यांदाच फुटला.

"आवडतेस," तो म्हणाला. "म्हणूनच भीती वाटायला लागली. वाटलं, राहीन. इथेच अडकेन."

"म्हणजे मी कोण झाले? तुमच्या परीक्षेचा पेपर?"

माझा हात दुखायला लागला होता. मी टोक दुसऱ्या हातात घेतलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दारावर थाप पडली आणि वसंतरावांचा आवाज आला, "गुरुजी, मामा आलेत. चला."

"गुरुजी, हे कापड काढा," चारुता म्हणाली.

"वेळ झालेली नाही अजून."

"काढा."

मी गजाची गाठ सोडली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. निरंजन रडत होता. ती रडत नव्हती. तिने मूठ उघडून तांदूळ परत ताटात ठेवले, एकही दाणा खाली न सांडता, आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी संमती देते. पण आज देते, वर्षभराने नाही. आणि तुमच्या आईला तुम्ही सांगायचं. मी नाही, गुरुजी नाहीत, तुम्ही."

तिने स्वतः जाऊन दार उघडलं.

पुढचा अर्धा तास मला सलग आठवत नाही. निरंजनच्या आई, आगाशेकाकू, खुर्चीवरून खाली सरकल्या आणि कोणीतरी कांदा फोडून आणला. निरंजन त्यांच्या पायाशी बसून काहीतरी सांगत होता आणि त्या त्याच्या खांद्यावर, पाठीवर मारत होत्या, आणि मग त्याच हाताने त्याला धरून ठेवत होत्या. सनईवाल्यांना कोणी थांबवलंच नाही. बारा बत्तीसला मी घड्याळाकडे पाहिलं. बोहल्यावर कोणी नव्हतं.

वसंतराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"श्रीरंग," ते म्हणाले. तोपर्यंत मी गुरुजी होतो. "तुला मंत्र म्हणायला बोलावलं होतं. म्हणून टाकले असतेस. पुढचं पुढे बघता आलं असतं. दीड वर्षात माणूस बदलतो. मूलबाळ होतं, बदलतो."

"बाबा, गुरुजींनी नाही मोडलं," चारुता मागून म्हणाली. "मी मोडलं."

"तू गप्प बस," ते म्हणाले, आणि तिचा हात धरून तिथेच खाली बसले.

निरंजन त्या ऑगस्टमध्ये उत्तरकाशीला गेला. त्याच्या आईने या वेळी अन्नपाणी सोडलं नाही. पुढे ती दरवर्षी एकदा त्याला भेटायला जायची, असं ऐकलं. चारुताने दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीच्या शाळेत जाऊन जागा परत मागितली आणि त्यांनी दिली. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. ती त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि तिचं लग्न चार वर्षांनी झालं, ते मी लावलेलं नाही. मला बोलवलंही नव्हतं. ते योग्यच झालं.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. कार्यालयातून मी न जेवता निघालो आणि पायी घरी आलो. चार वाजले होते. आई पापडाचं पीठ मळत बसली होती.

"लवकर आलास."

"लग्न मोडलं."

तिने सगळं विचारून घेतलं. कोण काय म्हणालं, मुलीची आई काय म्हणाली, काकूंचं काय झालं. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता थांबलो.

"आई, मी सोमवारी दोन महिन्यांसाठी जात नाहीये."

"पुढे ढकललंस?"

"नाही. दोन महिन्यांसाठी असं मी तुला सांगितलं होतं. मी कायमचा जाणार होतो. वझे गुरुजींबरोबर. ब्रह्मचारी होऊन."

तिचा हात पिठात तसाच राहिला. खिडकीतून ऊन तिच्या पाटापर्यंत आलं होतं. मला वाटलं, आता ही रडेल आणि मग मी काय करणार.

"आत्याला म्हणून बोलावलंस," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारलं असतंस तर मी जा म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुझ्या वडलांनाही ती ओढ होती. पाठशाळेत तुला मीच घातलं. मला कळत नाही असं वाटलं तुला?" तिने पिठाचा गोळा उचलून पाटावर आपटला. "आता म्हणणार नाही. आता मला राग आलाय. राग जाईल तेव्हा परत विचार."

मी पुन्हा कधी विचारलं नाही. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाठशाळेत फोन लावला. वझे गुरुजींना मी सगळं सांगितलं, चिपळूणचं आणि घरचं. शेवटी मी म्हणालो, "मी येत नाही, गुरुजी."

"कधीच नाही की आत्ता नाही?"

"आत्ता नाही."

"त्या मुलाला तू जे अभयाचं सांगितलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण ते तुला आधी सुचलं नाही. दुसऱ्याला सांगताना सुचलं. म्हणजे तुझं वैराग्य पाठ केलेलं होतं. माझ्या मागे येणंही तुला एक आडोसा झाला असता. मीच ओळखायला हवं होतं." मग म्हणाले, "अर्थ आणि काम बाजूला टाकून कोणी मोकळा होत नाही रे. ते धर्माने जगता जगता आपण होऊन गळून पडायला लागतात. काहींचे लवकर गळतात. तुझे अजून धरायचेच आहेत." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुकानदाराने मला सांगितलं, की तुझ्यासाठी तीन निरोप आलेत. दोन लग्नं आणि एक मुंज, तिन्ही ठिकाणी दुसरा पुरोहित बघितला आहे. चिपळूणहून घरी चालत यायला मला जेवढा वेळ लागला होता त्याआधीच बातमी पोचली होती. मी तिथेच पायरीवर थोडा वेळ बसलो. जानवं घामाने भिजलं होतं आणि पोटात काही नव्हतं. आईचं इन्सुलिन, घराचं भाडं, पुढे कार्तिकापर्यंत कोण बोलावणार, हे सगळं एकदम मनात येऊन बसलं. सकाळी मी दुसऱ्या माणसाला अर्थ म्हणजे काय ते समजावलं होतं.

औषधाचं दुकान सात वाजता बंद व्हायचं. मी पोचलो तेव्हा मुग्धा एकटी होती आणि बाटल्या खोक्यात भरत होती. मला पाहून तिने काम थांबवलं नाही.

"दोन महिने झाले," ती म्हणाली.

"हो."

"उत्तर द्यायला आलास की आईचं औषध न्यायला?"

"उत्तर द्यायला. आधी सांगतो, मी जाणार होतो. कायमचा. तुला न सांगता."

तिने खोक्याला चिकटपट्टी लावली, ती दाताने तोडली. "हे कोणालातरी सांगायचंच होतं म्हणून सांगतोयस की मलाच सांगतोयस?"

"तुलाच."

ती काउंटरमागून बाहेर आली आणि शटरचा आकडा हातात धरून उभी राहिली. "रविवारी मला बघायला एक मुलगा येतोय. खेडला बँकेत आहे. बाबांनी बोलावलंय."

"मग?"

"मग काय. रविवारच्या आत ये."

"मुग्धा, आज माझ्या हातची सगळी कामं गेली. या हंगामातलं एकही लग्न उरलेलं नाही. पुढचंही सांगता येत नाही. मी तुझ्या वडलांसमोर बसून काय सांगणार?"

तिने शटर अर्धं ओढलं आणि वाकून माझ्याकडे पाहिलं.

"तेच सांग," ती म्हणाली. "चहा यायच्या आधी सांग."